चेहऱ्यावरचा उजेड, रंग न बिघडवता

डेनिस स्टॉकने १९५५ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पावसात चालणाऱ्या जेम्स डीनचा फोटो काढला. मॅग्नमचे प्रिंटर पाब्लो इनिरिओ यांनी या फोटोच्या एका प्रिंटवर केलेल्या खुणा छायाचित्रकारांमध्ये प्रसिद्ध आहेत. प्रिंटभर वर्तुळं, रेषा आणि सेकंदांचे आकडे आहेत. एन्लार्जरचा उजेड कुठे अडवायचा आणि कुठे जास्त वेळ द्यायचा, याचा तो हिशेब. अडवलेला भाग कागदावर उजळ उमटतो, ते डॉजिंग. जास्त उजेड मिळालेला भाग गडद होतो, ते बर्निंग. फोटो कृष्णधवल असल्यामुळे रंग बिघडायची भीती नव्हती.

रंगीत पोर्ट्रेटमध्ये ती असते. समजा, गालावरच्या एका ठिपक्यात लाल २००, हिरवा १५० आणि निळा १२५ आहे. फोटोशॉपमध्ये Curves ची रेषा मधून खाली ओढली की मधल्या छटा जास्त दबतात. लाल १७५ वर येतो, पण हिरवा ११५ आणि निळा ९० पर्यंत घसरतो. लाल आणि निळ्यातलं अंतर ७५ वरून ८५ होतं. हवी असते सावली, दिसतो नारिंगी डाग.

उपाय साधा आहे. त्या लेअरचा मोड Normal ऐवजी Luminosity करायचा. मग उजळपणा तेवढाच उतरतो आणि तोच ठिपका साधारण १६८, ११८, ९३ वर थांबतो. अंतर पुन्हा ७५.

प्रत्यक्ष काम करताना आधी डोळ्यांतली चमक पाहावी. उजेड कुठून आला ते तिथे कळतं. तो डावीकडच्या खिडकीतून आला असेल, तर Curves चे दोन लेअर घ्यावेत, एक उजळ करणारा, दुसरा गडद करणारा. दोन्ही मास्क काळे ठेवून मऊ पांढऱ्या ब्रशने, Flow दोन टक्क्यांवर ठेवून, हलके हात फिरवावेत. डावं गालाचं हाड, नाकाचा कणा आणि कपाळाचा मध्य उजळ. उजव्या गालाच्या हाडाखालचा खळगा, कानशील आणि जबड्याची खालची बाजू गडद. त्या वेळी सर्वांत वर Black & White लेअर ठेवला, तर रंग नजरेला फसवत नाहीत. काम संपलं की तो काढून टाकायचा.

मात्र Luminosity सगळं सांभाळत नाही. खूप उजळलेली त्वचा खडूसारखी फिकी दिसू लागते, कारण उजळपणा वाढला तरी रंग तेवढाच राहतो. अशा वेळी त्याच मास्कसह Hue/Saturation लेअर लावून रंग किंचित वाढवावा. पूर्ण पांढरा पडलेला भाग मात्र गडद केला तरी करडाच होतो. तिथे माहितीच उरलेली नसते.

फोटोशॉप नसेल, तर मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही LCh Lightness हा मोड आहे. घरातल्या एखाद्या फोटोवर आधी Normal आणि मग हा मोड लावून पाहावा; गालावरचा फरक लगेच दिसतो.