मागणी एकोणिसाव्या स्लाइडवर नको

सहकारी मैत्रिणीने २२ स्लाइडच्या सादरीकरणाचा कच्चा मसुदा पाठवलाय. भिवंडीच्या गोदामात दुसरी पाळी सुरू करायला वरिष्ठांची मंजुरी हवी आहे, बैठक गुरुवारी आहे. सोबत एवढंच, ‘एकदा नजर टाक ना.’ यावर ‘छान झालंय, जरा सुटसुटीत कर’ असं कळवणं सोपं असतं. पण मग नेमकं काय खटकलं, हे शोधण्यात तिची संध्याकाळ जाते.

उत्तर लिहिण्याआधी पॉवरपॉइंटच्या ‘स्लाइड सॉर्टर’मध्ये सगळ्या स्लाइड एकत्र पाहाव्यात आणि नुसते मथळे ओळीने वाचावेत. इथे ते ‘पार्श्वभूमी’, ‘आकडेवारी’, ‘विश्लेषण’ असे आहेत, आणि दुसऱ्या पाळीची मागणी थेट एकोणिसाव्या स्लाइडवर. म्हणून ईमेलमध्ये आधी मांडणी, मग सजावट. जी स्लाइड उद्या वगळायची, तिचे रंग आज कशाला सुधारायचे?

ईमेल साधारण असा होईल: ‘नवव्या स्लाइडवरचा ताटकळलेल्या ट्रकांचा फोटो तसाच ठेव, अडचण तिथे एका नजरेत कळते. मला वाटतं, १९वरची मागणी पहिली यावी आणि हा फोटो लगेच तिच्यामागे. आपण काय मागतोय हे आधी कळलं, तर पुढचे आकडे ते त्याच हिशेबाने वाचतील. ‘आकडेवारी’ऐवजी ‘सहानंतर आलेला माल सकाळपर्यंत पडून राहतो’ असा मथळा चालेल का? ४ ते ८ परिशिष्टात टाकू, कुणी विचारलंच तर हाताशी असतील.’

यातलं कौतुक तोंडदेखलं नाही. काय ठेवायचं ते सांगितलं नाही, तर दुरुस्तीच्या भरात चांगली स्लाइडच उडते.

सजावटीबद्दल दोनच गोष्टी पुरेत. बाराव्या स्लाइडवरच्या पाय चार्टमध्ये नऊ तुकडे आहेत. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांतून दाखवलं, की कोनांपेक्षा एकाच मोजपट्टीवरच्या स्थानांची तुलना माणसं अधिक अचूक करतात. तेव्हा तिथे मोठ्यापासून लहानापर्यंत लावलेले आडवे स्तंभ सुचवावेत, नावं स्तंभांशेजारीच. दुसरी गोष्ट मराठी मजकुराची: जास्त मजकूर मावावा म्हणून ओळींतलं अंतर कमी केलं, की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. अंतर वाढवून मजकूरच कमी करायला सांगावं.

हे सगळं तिच्या फाइलमध्ये स्वतः बदलून पाठवू नये. गुरुवारी उभं राहून बोलायचंय तिला, आणि दुसऱ्याने लावलेला क्रम ऐनवेळी तोंडात बसत नाही. साहेबांना सीसीत घेणं तर अजिबात नको; कच्चं काम तिने विश्वासाने दाखवलंय.

आणि बैठक उद्या सकाळीच असेल, तर बाकी सगळं गिळून एवढंच लिहावं: ‘१९ नंबरची स्लाइड पहिली घे. बाकी जसं आहे तसं चालेल.’