लंगडी घालणारा पॉमेरेनियन

मंडळी, ही तक्रार आमच्याकडे बहुधा हसत हसतच येते. "डॉक्टर, हा पळता पळता मधेच मागचा एक पाय उचलून लंगडी घालतो, चार पावलांनी पुन्हा नीट पळतो. नाटकं करतो का?" नाटक नाही. गुडघ्याची वाटी खोबणीतून आतल्या बाजूला सरकलेली असते. ती जागेवर येईपर्यंत गुडघा नीट सरळ होत नाही, म्हणून पाय वर. पाय मागे झटकला की वाटी परत बसते. कुत्रा सहसा केकाटत नाही, त्यामुळे महिनेच्या महिने निघून जातात.

सोफ्यावरून उडी मारली म्हणून झालं, असं घरचे सांगतात. पण छोट्या जातींत मूळ बहुतेक वेळा वाढीच्या वयातलं असतं. मांडीचा स्नायू, वाटी आणि नडगीवरचा उंचवटा एका रेषेत हवेत. उंचवटा आत वळलेला असला की ओढ तिरकी पडते, आणि वाटीचा दाब न मिळाल्याने खोबणही उथळ राहते.

तपासणी हातानेच होते. ढकलल्यावरच सरकणारी आणि सोडताच परतणारी वाटी ही पहिली पायरी. आपोआप जाते-येते ती दुसरी. तिसरीत ती बाहेरच असते, हाताने बसवली तरी टिकत नाही. चौथीत हातानेही बसत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीचं पिल्लू वाढत्या वयात असेल तर थांबू नये, हाडं आणखी वाकडी होत जातात.

खरा पेच दुसऱ्या पायरीचा. आमच्याकडे तीन वर्षांची एक पॉमेरेनियन आली, वजन सव्वापाच किलो. तिच्या हाडापेराला चार पुरे होते. आम्ही शस्त्रक्रिया सुचवली नाही. खाणं मोजून द्या, गुळगुळीत फरशीवर चटया टाका, आणि रोज किती वेळा लंगडी घालते ते कॅलेंडरवर लिहा, एवढंच सांगितलं. दोन महिन्यांत वजन उतरलं, लंगडी आठवड्यातून दोनदावर आली. पुढे मात्र कॅलेंडर पुन्हा भरू लागलं, आणि एकदा तर तासभर पाय टेकलाच नाही. तेव्हा ठरवलं.

खोबण खोल केली, नडगीवरचा उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला सरकवला, पिनांनी बसवला आणि बाहेरचं सैल आवरण आवळून शिवलं. नुसतं आवळून शिवणं स्वस्त पडतं, पण ओढ तिरकीच राहिली तर वाटी पुन्हा सरकते. नंतर सहा आठवडे उड्या बंद, फिरणं पट्ट्यावरच, मग एक्स-रे. हे सांभाळणं घरच्यांना ऑपरेशनपेक्षा जड गेलं, बरं का!

आणि हो, कॅल्शियमच्या पावडरीने वाटी जागेवर येत नाही. नेहमी लंगडी घालणाऱ्या कुत्र्याने एखाद्या दिवशी पाय टेकणंच सोडलं, तर "नेहमीचंच आहे" म्हणून बसू नका. अशा गुडघ्यात आतला अस्थिबंध तुटण्याचा धोका असतो, आणि तो तुटला तर उपचाराचं गणितच बदलतं.