आधी त्यांची गोष्ट पुरी होऊ द्या

ऑफिसात डबे उघडले की एकजण सांगतो, "काल रात्री बाबांना अ‍ॅडमिट केलं. शुगर एकदम ५५ वर आली." शेजारचा लगेच म्हणतो, "आमच्या सासऱ्यांची तर ३८ वर गेली होती! रात्री दोन वाजता, भर पावसात..." पुढची सगळी सुट्टी सासऱ्यांवर जाते. बाबा आता कसे आहेत, हे विचारायचं राहूनच जातं.

यात दुष्टपणा नसतो. 'मीही यातून गेलोय, मला कळतंय' एवढंच त्याला म्हणायचं असतं. संभाषणाचे अभ्यासक हार्वी सॅक्स यांनी दाखवलं होतं की, ऐकलेल्या गोष्टीला जुळणारी आपली गोष्ट सांगणं ही समजल्याची खूण असते. बिघडतं ते घाईमुळे. २००९ मध्ये दहा भाषांतल्या गप्पा मोजल्या, तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण सेकंदाचा पाचवा भागच जातो असं दिसलं. एवढ्या वेळात वाक्य जुळवता येत नाही. म्हणून समोरचा बोलत असतानाच आपण ते तयार करत असतो, आणि सर्वांत आधी हाताशी येते ती आपलीच आठवण.

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स डर्बर यांनी १९७९ च्या पुस्तकात प्रतिसादाचे दोन प्रकार सांगितले: लक्ष आपल्याकडे वळवणारा आणि बोलणाऱ्याकडेच ठेवणारा. डब्याच्या वेळी दुसरा प्रकार असा झाला असता: "कुणाच्या लक्षात आलं?" "आईच्या. घाम फुटला होता, बोलणं अडखळत होतं." "मग काकू घाबरल्या असतील." आता तो आईबद्दल बोलू लागतो, कदाचित रात्रभर ज्याची धास्ती होती, ते इथेच बाहेर येतं. प्रश्न त्याने नुकत्याच सांगितलेल्या गोष्टीतूनच निघायला हवा. "कुठलं हॉस्पिटल?" असं विचारून "अरे, तिथेच आमचे सासरे..." म्हटलं, तर प्रश्न निव्वळ वाट काढण्यापुरता होता हे त्यालाही कळतं. प्रश्नामागून प्रश्न सुटले तर मात्र उलटतपासणी होते. मध्ये नुसतं "बाप रे, अवघड रात्र गेली" पुरतं.

आपली गोष्ट गिळून टाकायची गरज नाही. तो मोकळा झाल्यावर, किंवा "तुमच्याकडे काय केलं होतं?" असं त्याने विचारल्यावर ती खरंच उपयोगी पडते. तेव्हा आकड्यांची चढाओढ सोडून कामाचं तेवढं सांगावं: "डॉक्टरांनी आम्हाला गोळ्यांचा डोस पुन्हा तपासायला सांगितला होता. तुमच्या डॉक्टरांनाही विचारून बघ." आणि पावसातल्या रंगलेल्या गप्पांत, जिथे प्रत्येकजण आपापल्या फजितीचा किस्सा टाकतो, तिथे हे पथ्य कशाला? तिथे किस्श्यावर किस्सा हीच मजा असते.

घसरलो हे ओळखणं सोपं असतं. समोरच्याची वाक्यं आखडतात, "हं", "खरंय" एवढ्यावर येतात, नजर डब्याकडे जाते. तेव्हाही उशीर झालेला नसतो. सासऱ्यांना अर्ध्या पावसात सोडून म्हणता येतं, "माझं राहू दे. बाबांना घरी कधी सोडतायत?"