भाव चढले, तरी दर उतरला

१२ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने जुलै महिन्याच्या किरकोळ महागाईचे प्रसिद्धीपत्रक काढले. दर ३.५४ टक्के. जूनमध्ये तो ५.०८ टक्के होता. जवळजवळ पाच वर्षांतला हा नीचांक होता, शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ४ टक्क्यांच्या उद्दिष्टाच्याही खाली. बाजारातून पिशवी घेऊन परतणाऱ्याला मात्र यातले काही जाणवले नसेल, आणि चूक त्याची नव्हती. त्याच पत्रकात जूनचा निर्देशांक १९०.२ आणि जुलैचा १९२.९ छापलेला होता. म्हणजे एका महिन्यात भाव सुमारे १.४ टक्क्यांनी चढले होते. भाव चढले आणि तरी दर उतरला, असे झाले कसे?

आधी निर्देशांक म्हणजे काय ते पाहू. या मालिकेचे आधारभूत वर्ष २०१२. त्या वर्षी घरखर्चाच्या ठरावीक यादीला सरासरी १०० रुपये लागले असे धरायचे. मग १९२.९ याचा अर्थ एवढाच, की तीच यादी आणायला जुलै २०२४ मध्ये १९२ रुपये ९० पैसे लागले. हा आकडा महागाईचा दर नव्हे, ती भावांची पातळी आहे. मथळ्यात येणारा दर काढताना या महिन्याच्या पातळीची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतात, कारण पावसाळ्यात भाज्या कडाडणे, सुगीनंतर उतरणे हे दरवर्षीचेच असते.

जुलै २०२३ चा निर्देशांक १८६.३ होता. १९२.९ ला १८६.३ ने भागले की १.०३५४ येतात, म्हणून ३.५४ टक्के. आता या भागाकाराच्या खालच्या आकड्याकडे नीट पाहा. जून २०२३ मध्ये तो १८१ होता. पुढच्या एकाच महिन्यात टोमॅटोसह भाज्या भडकल्या आणि निर्देशांक २.९ टक्क्यांनी उसळला. त्या महिन्याचा दर ७.४४ टक्के निघाला. वर्षभराने तोच उसळलेला आकडा तुलनेसाठी खाली आला. २०२४ च्या जुलैतली वाढ १.४ टक्के, २०२३ च्या जुलैतली २.९. या दोहोंतले अंतर दीड टक्क्याचे आहे आणि दरही जवळपास तेवढाच खाली आला. यालाच बेस इफेक्ट म्हणतात. २०२४ च्या जुलैत भाव जूनच्या पातळीवर थांबले असते, तर दर २.१ टक्क्यांपर्यंत घसरला असता. म्हणूनच पत्रक हाती आले की दराआधी गेल्या महिन्याचा आणि गेल्या वर्षीच्या दोन्ही महिन्यांचे निर्देशांक पाहावेत.

टोमॅटोसारखी एक भाजी देशाचा आकडा हलवते, ती भारांकामुळे. २०११-१२ च्या घरखर्च पाहणीत कुटुंबे शंभर रुपयांतले किती कशावर खर्च करतात हे मोजले गेले. त्यातले सुमारे ४६ रुपये खाण्यापिण्याचे, त्यापैकी ६ भाज्यांचे आणि टोमॅटोचे फक्त ५७ पैसे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो वर्षापूर्वीच्या तिपटीच्या आसपास गेला. ढोबळ हिशेबाने ५७ पैशांचे १ रुपया ७१ पैसे झाले, म्हणजे शंभर रुपयांच्या खर्चात १ रुपया १४ पैशांची भर. ७.४४ मधला एक टक्का तरी एकट्या टोमॅटोचा होता.

इथेच या मापनाची मर्यादाही दिसते. टोमॅटो परवडेना तेव्हा घरोघरी आमटीत चिंच किंवा आमसूल पडले, पण यादीतले टोमॅटोचे प्रमाण तेच राहिले, कारण भारांक वर्षानुवर्षे बदलत नाहीत. बारा वर्षांत लोकांचे उत्पन्न, मोबाइलचे बिल, शिकवणीची फी वाढली आणि खाण्याचा वाटा घटला, तरी आकडा जुन्याच ताटावरून निघत राहिला. शिवाय सरासरी ही कुणा एकाची नसते. याच मालिकेत ग्रामीण भागात खाण्यापिण्याचा भारांक ५४ होता, शहरी भागात ३६. उलट शहरी यादीत घरभाड्याला जवळपास २२ भारांक होता आणि ग्रामीण यादीत घरभाडे धरलेलेच नव्हते. भाज्या महागल्या की गावाचा दर जास्त चढायचा आणि घरभाडे वाढले की केवळ शहराचा, म्हणून पत्रकातले ग्रामीण, शहरी आणि एकत्रित हे तिन्ही आकडे वेगवेगळे वाचावे लागत.

फेब्रुवारी २०२६ पासून २०२४ हे आधारभूत वर्ष धरणारी नवी मालिका सुरू झाली. भारांक २०२३-२४ च्या पाहणीवरून ठरले आणि खाण्यापिण्याचा वाटा ४६ वरून सुमारे ३७ वर आला. त्यामुळे भाजी पूर्वीइतकीच भडकली तरी एकूण दर पूर्वीपेक्षा कमी हलेल. नव्या मालिकेतला निर्देशांक शंभरीच्या आसपास दिसतो, पण याचा अर्थ भाव निम्म्यावर आले असा नाही. मोजणीची सुरुवात नव्या वर्षापासून झाली आहे. जुन्या १९२.९ शी त्याची सरळ तुलना करता येत नाही, त्यासाठी दोन्ही मालिका जोडणारा गुणक वापरावा लागतो.