खालचे ३४ पॉइंट

तिकीट ठरलेले असते, नाव-वय भरून झालेले असते, आणि स्क्रीनच्या तळाशी ‘पुढे जा’ असे बटण असते. अंगठा त्याच्यावर टेकतो, टेकताना जरासा वर सरकतो, आणि पान नाहीसे होऊन फोनची पहिली स्क्रीन समोर येते. दुसऱ्यांदा तेच. माणूस स्वतःच्या अंगठ्याला दोष देतो, पण चूक पान आखणाऱ्याची असते. त्याने बटण अशा जागी ठेवलेले असते, जिथे फोनने आपला हक्क आधीच राखून ठेवला आहे.

हे भांडण २०१७च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाले. त्या महिन्यात बाजारात आलेल्या आयफोन टेनमधून ॲपलने होम बटण काढून टाकले आणि स्क्रीन जवळजवळ कडेपर्यंत नेली. तोवर स्क्रीन म्हणजे सरळसोट आयत होता. कॅमेरा वर, बटण खाली, दोन्ही आयताच्या बाहेर. आता कॅमेरा आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा वरच्या कडेतून आत घुसली. ती काळी खाच म्हणजे नॉच. बटणाच्या जागी आली एक बारीक आडवी रेघ, होम इंडिकेटर. तळापासून बोट वर सरकवले की ॲप मिटते, हे ती रेघ सांगते.

खाच दिसते, म्हणून तिच्यावर विनोद झाले. रेघ मात्र अधिक त्रासदायक. तिचा प्रश्न दिसण्याचा कमी आणि स्पर्शाचा जास्त आहे.

इथे थोडे मोजमाप करावे लागेल. आयफोन टेन उभा धरला तर त्याची स्क्रीन ३७५ पॉइंट रुंद आणि ८१२ पॉइंट उंच असते. पॉइंट हे आखणी करणाऱ्याचे माप; या फोनवर एका पॉइंटच्या लांबीत तीन पिक्सेल बसतात, आणि वेबपानाच्या सीएसएसमधला एक px म्हणजे साधारण हाच पॉइंट. या ८१२ पैकी वरचे ४४ आणि खालचे ३४ पॉइंट फोन स्वतःकडे राखतो. उरलेला भाग म्हणजे सेफ एरिया, आणि कडेपासून तिथपर्यंतचे अंतर म्हणजे इनसेट. शाळेच्या वहीत डावीकडे समास आखलेला असतो, तसाच हा प्रकार. कागद समासाच्या पलीकडेही असतो, फक्त तिथे उत्तर लिहायचे नसते.

आता ते ‘पुढे जा’ बटण घेऊ. उंची ५० पॉइंट, स्क्रीनच्या तळाला चिकटवलेले. त्यातले खालचे ३४ पॉइंट समासात गेले, म्हणजे निर्धोक जागा उरली वरच्या १६ पॉइंटांची. गंमत अशी की अक्षरे बटणाच्या मध्यावर असल्याने ती रेघेच्या वरच राहतात आणि नुसते पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. बोट मात्र मधोमध किंवा जरा खालीच पडते. तिथून ते किंचित वर घसरले, की फोन त्याला घरी जाण्याची खूण समजतो.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. बहुतेक चुका यातला एकच टप्पा केल्याने होतात.

सफारी ब्राउझर मुळात सावधपणे वागतो. फोन आडवा धरला की तो जुन्या पानांना सेफ एरियाच्या आतच ठेवतो, आणि दोन्ही बाजूंना कोऱ्या पट्ट्या दिसतात. सुरुवातीला अनेकांना या पट्ट्या म्हणजेच बिघाड वाटला. त्या घालवून पान कडेपर्यंत न्यायचे असेल तर पानाच्या माथ्यावर हे लिहावे लागते:

```html
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1, viewport-fit=cover">
```

शेवटचा `viewport-fit=cover` हा एक करार आहे. पूर्ण कागद मला दे, समास मी सांभाळतो, असे पान ब्राउझरला सांगते. करार करून समास विसरला, तर बटण रेघेखाली जाते. उलट, करार न करताच समासाची मापे मागितली तर ब्राउझर शून्य परत देतो, आणि लिहिणारा ‘ओळ तर बरोबर आहे’ म्हणत डोके खाजवत बसतो.

समास असा सोडतात:

```css
.pay-bar {
  position: fixed;
  left: 0; right: 0; bottom: 0;
  padding-bottom: env(safe-area-inset-bottom);
}
```

`env()` म्हणजे फोनलाच विचारणे: बाबा रे, तुझ्या खालच्या कडेला किती जागा सोडू? आयफोन टेन ३४ सांगतो, होम बटण असलेला जुना फोन शून्य. त्यामुळे आपल्या पट्टीची उंची एकीकडे ८४ होते, दुसरीकडे ५० राहते. दोन्हीकडे पट्टीचा रंग थेट काठापर्यंत जातो, फक्त बटण वर उचलले जाते. याचे सुरुवातीचे नाव `constant()` होते, आयओएस ११.२ पासून ते बदलले. जुन्या उदाहरणांतून ते नाव उचलणाऱ्याचा समास मुकाट्याने गायब होतो.

मग सरळ ३४ हा आकडाच का लिहू नये? कारण तोच फोन आडवा केला की खालचा समास २१ होतो, वरचा शून्य, आणि डावी-उजवीकडे ४४-४४ लागतात. खाच एकाच बाजूला असते, तरी जागा दोन्हीकडे सोडली जाते, म्हणून मजकूर मध्यावर राहतो. पुढे आयफोन १४ प्रोमध्ये खाचेऐवजी गोळीच्या आकाराचे बेट आले आणि वरचा समास ५९ झाला. आकडा पाठ करणाऱ्याला दर एक-दोन वर्षांनी पुन्हा पाठांतर.

एक चूक खास आपल्या लिपीला भोवते. पट्टीची उंची ५० अशी पक्की बांधली आणि `box-sizing: border-box` असेल, तर ३४चा समास त्या ५०मधूनच कापला जातो. आतल्या बटणाला उरतात १६. रोमन अक्षरे त्यात कशीबशी कोंबता येतील. ‘पुढे’ची मात्रा आणि उकार दोन्ही अडचणीत येतात. म्हणून उंची पट्टीला नव्हे, बटणाला द्यावी. पानाच्या शेवटीही पट्टीएवढी जागा सोडावी लागते, नाहीतर शेवटची ओळ तिच्यामागे अडकते.

अँड्रॉइडवरही खाच आली, आणि २०१८च्या नवव्या आवृत्तीत तिची मापे ॲपला कळवण्याची सोय झाली. पंधराव्या आवृत्तीसाठी बनवलेली ॲप तर न विचारताच काठापर्यंत पसरतात. त्यामुळे आधी नीट चालणाऱ्या ॲपची बटणेही एका अपडेटनंतर फोनच्या खालच्या पट्टीमागे गेलेली दिसू शकतात.

हा दोष तपासणीत निसटतो, त्याचेही कारण आहे. संगणकावरच्या ब्राउझरची खिडकी फोनएवढी केली तरी समास शून्यच राहतो. खऱ्या आयफोनवर सफारीची खालची पट्टी दिसत असताना तळाला चिकटवलेले बटण तिच्या वरच राहते, म्हणून तिथेही सगळे छान दिसते. तेच पान होम स्क्रीनवर ठेवून तिथून उघडले की ब्राउझरची पट्टी नसते, आणि बटण थेट रेघेखाली. म्हणून जाणती मंडळी पान तिथूनच उघडतात, तळपट्टीला तात्पुरता भडक गुलाबी रंग देतात, आणि फोन एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आडवा करून पाहतात.