मोटर सुरू झाली की नेटवर्क का पडतं?

चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यांत हटकून ऐकू येणारी तक्रार आहे ही. लाइन बंद असताना नेटवर्क ठणठणीत असतं. मोठी मोटर सुरू केली की थोड्याच वेळात पीएलसीच्या पडद्यावर कम्युनिकेशन फॉल्ट येतो आणि पट्टा थांबतो. मेंटेनन्सवाला इथरनेटची केबल काढून टेस्टरला लावतो, आठही दिवे ओळीने हिरवे लागतात, आणि खापर पीएलसीवर फुटतं.

हा टेस्टर एवढंच सांगतो की या टोकाची एक नंबरची पिन त्या टोकाच्या एक नंबरला जोडलेली आहे, दोनची दोनला. कारखान्यात प्रश्न वेगळाच असतो. केबलमधल्या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल असतो आणि दुसरीवर त्याचाच उलटा. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक वाचतं. बाहेरचा विद्युत गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, म्हणून फरक काढताना तो वजा होतो.

आता क्रिंपिंग करणाऱ्याने काय केलं असेल ते पाहू. प्रचलित रंगक्रमात तीन नंबरला पांढरा-हिरवा आणि सहाला हिरवा येतो. मधल्या चार-पाचवर निळी जोडी बसते. हे विचित्र वाटतं, म्हणून नवखा माणूस नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या सरळ ओळीने लावतो, दोन्ही टोकांना तशाच. पिन पिनला मिळाली, दिवे हिरवे! पण १०० मेगाबिटचं इथरनेट एक-दोन आणि तीन-सहा या दोनच जोड्या वापरतं. आता तीनवर पांढरा-हिरवा आहे आणि सहावर निळा, म्हणजे एकमेकींशी पिळलेल्याच नसलेल्या दोन तारा. केबल छोटी असेल आणि आसपास शांतता असेल तर हेही चालून जातं. शेजारच्या ट्रेमधून व्हीएफडी ड्राइव्हची मोटर केबल जात असेल तर मात्र नाही. ड्राइव्ह मोटरला व्होल्टेज तुकड्यातुकड्यांनी देतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि प्रत्येक तुकड्याची कड अतिशय तीव्र असते. तोच हा गोंगाट. जोडणी बरोबर असूनही कनेक्टरपाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलला तर हाच रोग सौम्य रूपात होतो.

ऑफिसात हे कळतही नाही, कारण बिघडलेलं पॅकेट संगणक पुन्हा मागवतो. प्रोफिनेटसारख्या यंत्रणेत दर काही मिलिसेकंदांनी ताजी माहिती जाते, जुनी कोणी मागवत नाही. बहुतेक ठिकाणी सलग तीन हुकल्या की कंट्रोलर समोरचं यंत्र गेलं असं धरतो.

कारखान्यासाठी शील्ड असलेली केबल घ्यावी हे खरं, पण शील्ड म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. ती धातूच्या क्लॅम्पने चारही बाजूंनी पकडून अर्थला जोडावी लागते. शील्डची शेपटी पिळून स्क्रूखाली दाबली की उच्च वारंवारतेला तिचा फारसा उपयोग उरत नाही. ती दोन्ही टोकांना जोडलेली बरी. मात्र दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. तिथे तांब्याचा हट्ट सोडून फायबर टाकावं. पॉवर केबलपासून वीसेक सेंटिमीटर अंतर ठेवावं, आणि ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडावी.

लांबीची १०० मीटरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. ती ९० मीटर एकसंध तारेची केबल आणि दोन्ही टोकांचे मिळून १० मीटर पॅच कॉर्ड अशी धरलेली आहे, हे विसरलं जातं. हलत्या साखळीत लागणारी बारीक तारांची लवचिक केबल सिग्नल जास्त खाते, म्हणून पूर्ण १०० मीटर तिचीच ओढू नये. कनेक्टरचं म्हणाल तर आरजे-४५ पॅनलच्या आत ठीक आहे. थरथरणाऱ्या, तेल-पाणी उडणाऱ्या यंत्रावर आट्यांचा एम-१२ हवा: १०० मेगाबिटला चार पिनांचा डी-कोड, गिगाबिटला आठ पिनांचा एक्स-कोड.

चुकलेली जोडी पकडायला जोड्यांमधली गळती मोजणारा सर्टिफिकेशन टेस्टर लागतो. तो महाग असतो, पण केबल टाकणाऱ्या कंत्राटदाराकडून त्याचा अहवाल मागून घेता येतो. शिवाय एक साधन पॅनलमध्ये आधीच बसलेलं असतं. मॅनेज्ड स्विच प्रत्येक पोर्टवर बिघडलेल्या पॅकेटांची मोजणी ठेवतो. पडद्यावर तिच्यापुढे CRC असं लिहिलेलं असतं. ती शून्यावर आणून मोटर बंद ठेवून काही वेळ पाहावी, मग मोटर पूर्ण भारावर चालवून. आकडा मोटरबरोबरच चढत असेल तर केबलचा मार्ग, शील्ड आणि जोड्या तपासाव्यात. मोटर बंद असूनही चढत असेल तर लांबी किंवा क्रिंपिंगकडे वळावं, आणि प्लग हलवला की उडी मारत असेल तर तो कापून नवा बसवावा.