रोजच्या कॅलरींचा अंदाज: सूत्र आणि वजनकाटा

शरीराला रोज लागणाऱ्या कॅलरींचा मोठा भाग काहीही न करता खर्च होतो. स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचेही हृदय, मेंदू, यकृत चालू असतात. या मूळ खर्चात हालचालीचा आणि अन्न पचवण्याचा खर्च मिळवला की दिवसाची गरज निघते. हा हिशेब घरी करण्याची रूढ रीत अशी, की वजन, उंची, वय यांवरून मूळ खर्च काढायचा आणि त्याला हालचालीच्या गुणकाने गुणायचे.

मूळ खर्चासाठी आज बहुधा मिफ्लिन-सेंट जोर सूत्र वापरतात. १९९० साली प्रसिद्ध झालेले हे सूत्र अमेरिकेतील ४९८ निरोगी प्रौढांच्या मोजमापांवरून बांधलेले आहे. वजनाच्या किलोंना १०ने आणि उंचीच्या सेंटिमीटरांना ६.२५ने गुणून बेरीज करायची. तीतून वयाची पाचपट वजा करायची. मग पुरुषासाठी ५ मिळवायचे, स्त्रीसाठी १६१ वजा करायचे.

समजा, कार्यालयात बैठे काम करणारी एक स्त्री ३४ वर्षांची आहे. तिचे वजन ६४ किलो, उंची १५६ सेंटिमीटर. वजनाचे ६४० आणि उंचीचे ९७५ मिळून १,६१५ होतात. त्यांतून वयाचे १७० आणि ठरलेले १६१ गेले, की मूळ खर्च १,२८४ कॅलरी उरतो.

यापुढची पायरी गुणकाची. रूढ कोष्टकात बैठ्या दिनक्रमासाठी १.२, हलक्या हालचालीसाठी १.३७५, मध्यमसाठी १.५५, भरपूर हालचालीसाठी १.७२५ आणि अंगमेहनतीच्या कामाबरोबर कडक व्यायामही असेल तर १.९ असे आकडे असतात. ही स्त्री आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालते, म्हणून ती १.३७५ निवडते. गुणाकार सुमारे १,७६५ येतो. १.२ निवडला असता तर तो १,५४० आला असता. म्हणजे कोष्टकातली एक पायरी वर चढताच दिवसाला सव्वादोनशे कॅलरींचा फरक पडला.

तिच्या वजनाच्या व्यक्तीला अर्धा तास साधारण गतीने चालण्यासाठी, बसून राहण्याच्या तुलनेत, जेमतेम ७०-८० कॅलरी जास्त लागतात. पाच दिवसांचे चालणे सात दिवसांवर वाटले तर रोजचे ५०-६० होतात, सव्वादोनशे होत नाहीत. नवशिक्यांचा अंदाज बहुतेक वेळा इथेच फुगतो. व्यायामाचा तास लक्षात राहतो, खुर्चीतले आठ-नऊ तास राहत नाहीत. गुणक मात्र पूर्ण २४ तासांचा असतो. दोन पायऱ्यांमध्ये घोटाळा झाल्यास खालची धरणे बरे.

सूत्रही बिनचूक नसते. एकाच वजन-उंची-वयाच्या दोन व्यक्तींत स्नायूंचे प्रमाण वेगळे असू शकते आणि त्यानुसार मूळ खर्चही. प्रत्यक्ष मोजमापापेक्षा सूत्राचे उत्तर दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असणे नेहमीचे आहे. त्यामुळे आलेला आकडा म्हणजे सुरुवातीचा अंदाज. तो तपासायचे साधन वजनकाटा आहे.

तपासणीसाठी रोज त्या आकड्याइतके खायचे आणि सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करायचे. एका दिवसाच्या वजनाला अर्थ नसतो. खारट जेवणाने किंवा बद्धकोष्ठाने ते किलोभर हलते. म्हणून आठवड्याची सरासरी काढायची. मासिक पाळीच्या सुमारास अंगात पाणी साठते, त्यामुळे स्त्रियांनी पहिल्या आठवड्याची सरासरी पाचव्या आठवड्याशी ताडून पाहावी.

वरच्या उदाहरणात रोज १,७६० कॅलरी खाऊन सरासरी ६४.१ किलोवरून ६४.९वर गेली असे धरू. वाढ ८०० ग्रॅम, मधले दिवस २८. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठतात, म्हणजे सुमारे ६,१६० कॅलरी शिल्लक पडल्या. दिवसाला २२०. त्या वजा केल्यावर तिची खरी गरज १,५४० ठरते. बैठा गुणकच तिला लागू होता.

इथे एक शंका उरते. फोडणीचे तेल नोंदीतून सुटले असेल तर? एका चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर तेलात ४० कॅलरी असतात, तेव्हा चूक मोठी होऊ शकते. पण ती रोज साधारण सारखीच होत असेल, तर १,५४० हा आकडा तिच्या मोजण्याच्या पद्धतीपुरता उपयोगी राहतो, कारण पुढेही ती तसेच मोजणार आहे. एके दिवशी तेल धरले आणि दुसऱ्या दिवशी सोडले, तर मात्र हिशेब कोलमडतो.

वजन चार-पाच किलोंनी बदलले किंवा दिनक्रम पालटला, की अंदाज आणि तपासणी पुन्हा करावी लागते. गर्भारपण, स्तनपान, थायरॉईडचे विकार किंवा मधुमेहाची औषधे चालू असताना ही रीत पुरेशी नाही. तिथे गरज डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी ठरवायची असते.